एका क्लिकमध्ये ४१२ तक्रारी बंद होतात, पण एका क्लिकमध्ये परत उघडत नाहीत

३१ मार्च २०२३, शुक्रवार, संध्याकाळचे पावणेपाच. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात मार्चएंडची गडबड चालली होती आणि मी एका बटणावर क्लिक करून ४१२ शेतकऱ्यांच्या तक्रारी बंद केल्या. बंद करायच्या होत्या १३७. उरलेल्या २७५ तक्रारी चालू होत्या, म्हणजे कुणाचा पंप बंद, कुणाचा कंट्रोलर एरर दाखवतोय, कुणाचा पार्ट यायचाय. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण त्या दिवशी जे झालं ते फक्त माझ्या हातून झालेली चूक म्हणून सोडून देण्यासारखं नाहीये. जिथे जिथे लोकांच्या तक्रारी कॉम्प्युटरवर नंबर लावून घेतल्या जातात तिथे तिथे हे बटण आहे, आणि ते कसं वापरायचं याचा नियम बहुतेक ठिकाणी कुणी केलेलाच नसतो.

आधी काम काय ते सांगतो. सौर कृषी पंप बसवणाऱ्या एका कंपनीचं सर्व्हिस डेस्क आम्ही चालवत होतो. कुसुम योजनेतल्या पंपांची पाच वर्षं देखभाल पुरवठादारानेच करायची असते, त्यामुळे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव अशा भागातून फोन यायचे, आम्ही प्रत्येक फोनचं जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, करायचो, मग ते तालुक्याच्या टेक्निशियनच्या नावावर जायचं. शेतकऱ्याला एसएमएसवर तक्रार नंबर जायचा. हा नंबर म्हणजे त्याच्या हातात असलेला एकमेव कागद, कारण पंप वॉरंटीत आहे तोवर तो बाहेरचा मेकॅनिक लावू शकत नाही, लावला तर वॉरंटी जाते. त्यामुळे तक्रार बंद झाली की त्याला दुसरीकडे जायला वाटच नसते, हे आधी लक्षात घ्या.

आता तिकिटांत जुना साचलेला माल असतोच. शेतकऱ्याला तीनदा फोन केला, उचलला नाही. पंप आपोआप चालू झाला, त्याने कळवलं नाही. एकाच पंपाची भावाने एक आणि मुलाने एक अशी दोन तिकिटं. हे सगळं "Waiting for customer" नाहीतर "Pending" मध्ये पडून राहतं. मार्चएंडला रिपोर्ट जायचा होता, वरून सांगणं होतं की ९० दिवसांत ज्याला हातही लागला नाही ते बंद करा, आणि सांगण्यात चूक काहीच नव्हती. साचलेलं काढलंच पाहिजे, नाहीतर खरी तक्रार त्या गाळात दिसत नाही. मी फिल्टर लावला तो असा:

```
status = "Waiting for customer" OR status = "Pending" AND updated <= -90d ORDER BY updated ASC
```

वाचताना बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं. "वेटिंग किंवा पेंडिंग, आणि ९० दिवस जुनं." पण जिरा हे तसं वाचत नाही. त्याच्या लेखी AND आधी बांधला जातो आणि OR नंतर, म्हणजे त्याने वाचलं ते असं की वेटिंगमधलं सगळं, मग ते कालचं असलं तरी, आणि त्याशिवाय पेंडिंगमधलं ९० दिवस जुनं. दोन कंस घातले असते तर हे झालं नसतं:

```
(status = "Waiting for customer" OR status = "Pending") AND updated <= -90d
```

पण कंसाची चूक ही काय मोठी गोष्ट नाही, ती कुणाकडूनही होते आणि पुढेही होणार. खरी अडचण ही की चूक समोर असून मला दिसली नाही, आणि ती का दिसली नाही ते जरा नीट सांगतो, कारण सावधगिरीचा सगळा मुद्दा तिथेच आहे. मी आंधळेपणाने बटण दाबलं नव्हतं. मी यादी बघितली होती. एका पानावर ५० तिकिटं दिसतात, पहिलं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, सगळी ऑगस्ट-सप्टेंबरची, सगळी खरंच मेलेली, दोन-तीन उघडूनही बघितली. पण यादी मीच जुन्यापासून नव्याकडे लावलेली होती! म्हणजे फिल्टर कितीही चुकला असता तरी पहिलं पान जुनंच दिसणार होतं. चालू तिकिटं शेवटच्या पानांवर होती आणि शेवटचं पान मी उघडलंच नाही. आणि ४१२ हा आकडा? तो मला खटकला नाही, कारण किती यायला पाहिजेत याचा अंदाज मी आधी केलेलाच नव्हता. अंदाज नसला की कुठलाही आकडा बरोबरच वाटतो. ४१२ दिसले तर वाटतं बापरे बरंच साचलंय, ९० दिसले असते तर वाटलं असतं चला एवढंच आहे.

मग बल्क चेंज, म्हणजे एकगठ्ठा बदल, सगळी सिलेक्ट, "Closed", रिझोल्यूशन विचारतो तिथे "Done", कन्फर्म. मेल पाठवायचे का असा एक चौकोन येतो तो मी आठवणीने काढला, म्हटलं उगाच सगळ्यांना मेल नको. पण शेतकऱ्यांना एसएमएस जायचा तो मेलमधून नव्हता, त्याचा वेगळा ऑटोमेशन रूल होता, तिकीट बंद झालं की मेसेज सोडायचा. मेलचा चौकोन काढला म्हणून रूल थांबत नाही, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. पाच वाजायच्या आत ४१२ जणांच्या मोबाईलवर मेसेज गेला, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे."

पाच-दहा मिनिटांत फोन सुरू झाले. आमच्याकडे फोन घेणाऱ्या दोन ताई होत्या, त्यातली एक उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, सगळे एकच विचारतायत, निवारण कधी झालं म्हणून. काय सांगू?" तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं काय झालंय ते.

मला वाटलं उलटं करू. पुन्हा बल्क चेंज, सगळी सिलेक्ट, रीओपन. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की बल्क कामाला उलटं बटण नसतंच, तसं वाटतं फक्त. बंद करताना ४१२ तिकिटांच्या वेगवेगळ्या अवस्था होत्या, वेगवेगळे टेक्निशियन होते, त्या सगळ्यांचं मी एकच केलं, "बंद". आता उघडताना बल्कला फक्त एकच गोष्ट करता येते, सगळ्यांना एकच किंमत देणं. कोण वेटिंगमध्ये होतं, कोण पेंडिंगमध्ये, हे त्याला परत ज्याचं त्याला देता येत नाही. चार जणांचे चार रंगाचे कपडे एकाच पिंपात काळ्या रंगात बुडवले आणि नंतर सगळे धुतले म्हणून ज्याचा त्याचा रंग परत येत नाही, तसं. शिवाय आमच्या वर्कफ्लोमध्ये तिकीट बंद झालं की टेक्निशियनचं नाव निघून जायचं, त्यामुळे रीओपन केलेली ४१२ तिकिटं कुणाच्याच नावावर नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येकाची "updated" तारीख आजची झाली होती. ज्या तारखेवरून १३७ जुनी आणि २७५ चालू वेगळी करता आली असती तीच तारीख मी पुसून टाकली होती. आता कंस घालून फिल्टर परत चालवला तर उत्तर शून्य.

थोडं सावरता आलं. जिरा प्रत्येक तिकिटाचा इतिहास ठेवतो, आणि अवस्था आणि नाव या दोन गोष्टी इतिहासात शोधता येतात:

```
status changed to "Closed" by currentUser() after "2023/03/31 16:30"
```

यावरून निदान कुठली ४१२ ते मिळालं. "status was", "assignee was" असं त्या दिवशीची वेळ देऊन विचारलं की आधी कुठे होतं, कुणाकडे होतं तेही मिळतं, पण एकेका नावाने आणि एकेका अवस्थेने वेगळं विचारावं लागतं. जुनी updated तारीख मात्र असं विचारून मिळत नाही. ती तिकीट उघडून, इतिहास खाली सरकवून, डोळ्यांनी वाचावी लागते. चार जण, तीन दिवस, त्यात शनिवार-रविवार. एवढं करूनही काही तिकिटं हुकलीच.

त्यातलं एक सावळजचं होतं. द्राक्षबागवाले तात्या, वय साठच्या पुढे, त्यांच्या पंपाच्या कंट्रोलरचं कार्ड गेलेलं. कार्ड मागवलेलं होतं, ते आमच्या स्टोअरला आलंही होतं, पण पार्ट पाठवायची यादी रोज सकाळी उघड्या तिकिटांवरून निघायची आणि नाव गेल्यामुळे त्यांचं तिकीट तासगावच्या टेक्निशियनच्या यादीत येईना. कार्ड आमच्या रॅकवर नऊ दिवस पडून होतं, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेलं. तिकडे त्यांची खरड छाटणी झालेली, डोळे फुटायला पाणी पाहिजे, आणि एप्रिलचं ऊन. शेवटी त्यांच्या मुलाने फोन केला तेव्हा कळलं. मी स्वतः गेलो होतो टेक्निशियनबरोबर. तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "मेसेज आला की झालंय म्हणून, मग म्हटलं आज-उद्या येतीलच कोणतरी. दोनदा टँकर घातला." मी म्हटलं, "तात्या, फोन का नाही केला?" तर म्हणाले, "आवो झालंय म्हणून तुम्हीच कळवलं की. परत काय इचारायचं?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. ज्यांनी पाच वाजता फोन केले ते वाचले, त्यांनी भांडून आपला नंबर परत उघडून घेतला. जे मेसेजवर विश्वास ठेवून गप्प बसले त्यांचं नुकसान झालं. म्हणून कुणी म्हणालं की "चुकून बंद झालं तर लोक फोन करतातच, परत उघडू", तर ते मला अजिबात पटत नाही. फोन न करणारा माणूस रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि तो समाधानी आहे असं धरलं जातं.

आता हे फक्त पंपाचं नाही. वळवाचा पाऊस झाला, वारं सुटलं, एका फीडरची लाईन पडली की तासाभरात त्या भागातून दीडशे-दोनशे तक्रारी येतात. लाईन जोडली, फीडर चालू झाला की त्या सगळ्या तक्रारी एकदम बंद करणं अगदी बरोबर आहे, एकेक करत बसलं तर दुसरा दिवस उजाडेल. पण त्या दोनशेत दोन-तीन घरं अशी असतात की फीडर तर गेलाच होता, शिवाय खांबावरून घरात येणारी त्यांची सर्व्हिस वायरही तुटलेली असते. फीडर चालू झाला तरी त्यांच्या घरात अंधारच, आणि तक्रार मात्र बंद. मोठ्या कारणाच्या पोटात लपलेलं छोटं कारण, हे वीजवाल्यांना माहीत असतं. उपायही सोपा आहे, बंद करायच्या आधी मेसेज टाकायचा, "तुमच्या भागातला पुरवठा सुरू केला आहे, तुमच्या घरी अजून नसेल तर कळवा", दोन तास थांबायचं, मग उरलेल्या बंद करायच्या. बल्कच करायचं, फक्त मधे दोन तासांची फट ठेवायची.

नावावर चढवण्याचं, म्हणजे एकाची कामं दुसऱ्याला देण्याचं, लोकांना त्यामानाने निरुपद्रवी वाटतं. बंद तर नाही ना केलं, नाव तर बदललंय. पण तिथेही जपावं लागतं. आमचा एक सहकारी कराडच्या ऑफिसला गेला, त्याची कामं दुसऱ्याच्या नावावर करायची होती, चालू होती ८६. ज्याने केलं त्याने फक्त "assignee = अमका" एवढाच फिल्टर लावला, "resolution = Unresolved" लिहायचं राहिलं, आणि दोन वर्षांत त्याने पूर्ण केलेली सहाशेच्या वरची कामंही नव्या माणसाच्या नावावर गेली. रिपोर्ट आत्ता कुणाचं नाव आहे त्यावरून निघतात, त्यामुळे वर्षाच्या मूल्यमापनात एकाने दोन वर्षं काहीच केलं नाही आणि दुसऱ्याने दोघांचं केलं असं दिसायला लागलं. ते दुरुस्त झालं, कारण नाव इतिहासात शोधता येतं आणि तिथे सगळ्यांचं आधीचं नाव एकच होतं. हाच फरक बघा. जिथे आधी सगळ्यांची किंमत एकच होती तिथे उलटं करता येतं, जिथे वेगवेगळी होती तिथे येत नाही. बटण दाबायच्या आधी स्वतःला हा एक प्रश्न विचारला तरी धोका किती ते कळतं.

बरं, ती ८६ कामं बरोबर गेली असं धरलं तरी नव्या माणसाच्या इनबॉक्समध्ये सकाळी ८६ मेल. तो त्यातले किती वाचेल? त्याला सगळीच सारखी दिसतात. जुन्या माणसाला माहीत असतं की या तीन शेतकऱ्यांना मी सोमवारी येतो म्हणून शब्द दिलाय, या एकाचा विमा अडकलाय, हे नाव बदलून जात नाही. अर्धा तास दोघांना समोरासमोर बसवून पहिल्या दहा कामांवर एक-एक ओळ लिहून घेतली तर पुढचे पंधरा दिवस वाचतात. आणि ८६ एकाच माणसावर टाकण्यापेक्षा तालुक्याप्रमाणे तिघांत वाटली तर बरं, हे सांगायला नको, पण घाईत असताना एकच नाव निवडणं सोपं पडतं म्हणून तसंच होतं.

यावर लोक म्हणतात की मग बल्कचा अधिकारच काढून घ्या. जिरामध्ये "Make bulk changes" अशी वेगळी परवानगी आहेच, ती दोघा-तिघांनाच ठेवावी हे मलाही पटतं. पण पूर्ण बंदी मला मान्य नाही. बंदी केली की माणसं ४०० तिकिटं एकेक करून बंद करतात, आणि पन्नासाव्या तिकिटानंतर कुणीही वाचत नसतं, बोट आपोआप चालत असतं. चूक तेवढीच, वेळ मात्र दहापट, आणि वर प्रत्येक तिकीट हाताने तपासलं असा खोटा भरवसा. त्यापेक्षा बल्क ठेवा, पण त्याच्या आधी थोडं काम करा.

आम्ही २०२५ च्या मार्चमध्ये जे केलं ते सांगतो. शुक्रवारी, २१ मार्चला, सकाळी अकरा वाजता. संध्याकाळी नाही, कारण काही बिघडलं तर निस्तरायला सगळे जागेवर पाहिजेत. फिल्टर चालवायच्या आधी दोघांनी वेगवेगळा अंदाज कागदावर लिहिला, मी शंभर, माझ्याबरोबर काम करणाऱ्या सहकारी ताईने दीडशे. आले ११८. तीनशे आले असते तर आम्ही तिथेच थांबलो असतो. मग यादी उलटी लावली, नव्यापासून जुन्याकडे, म्हणजे चुकून आलेलं काही असेल तर ते पहिल्याच पानावर दिसेल. मग सगळी यादी सीएसव्हीत उतरवून घेतली, त्यात तिकीट नंबर, अवस्था, कुणाच्या नावावर, आणि updated तारीख. ही फाईल म्हणजेच आमचं उलटं बटण. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ती २०२३ ला असती तर तीन दिवस गेले नसते आणि तात्यांचं कार्डही नऊ दिवस पडून राहिलं नसतं.

त्यानंतर बंद काहीच केलं नाही. ११८ तिकिटांना फक्त एक लेबल लावलं, "march-band", आणि प्रत्येक टेक्निशियनला सांगितलं की तुमच्या यादीत हे लेबल दिसलं आणि काम चालू असेल तर लेबल काढून टाका, कारण विचारणार नाही. शेतकऱ्यांना मेसेज गेला की तुमच्याकडून माहिती मिळाली नाही म्हणून तक्रार आठ दिवसांनी बंद करतोय, पंप अजून बंद असेल तर फोन करा. मग आठवडाभर थांबलो. यात एक बारीक गोष्ट आहे, लेबल लावलं की updated तारीख बदलते, म्हणून नंतर ९० दिवसांचा जुना फिल्टर चालत नाही, लेबलवरून शोधावं लागतं. पण तोच बदल उपयोगीही पडतो. लेबल साडेअकरापर्यंत लावून झाली होती, म्हणजे त्यानंतर ज्याला कुणाचाही हात लागला, फोन आला, कॉमेंट पडली, त्याची तारीख पुढे सरकली. म्हणून पुढच्या शुक्रवारी बंद करायची यादी अशी काढली:

```
labels = march-band AND resolution = Unresolved AND updated <= "2025/03/21 12:00"
```

आठवडाभरात कुणीच हात न लावलेली तेवढीच आली, ८९. म्हणजे ११८ मधली २९ जिवंत निघाली. नव्वद दिवस कुणी बघितलं नव्हतं अशी २९! त्यातल्या ११ जणांनी मेसेज बघून फोन केला, बाकीची टेक्निशियननी वाचवली. आमचा फिल्टर या वेळी अगदी बरोबर होता, कंस घातलेले होते, तरी २९ जण चुकीचे बंद झाले असते. म्हणजे फिल्टर बरोबर असणं पुरत नाही, कारण ९० दिवस हात लागला नाही याचा अर्थ शेतकऱ्याची अडचण मिटली असा होत नाही, कधीकधी आपणच विसरलो असाही होतो.

त्या ८९ मधलीही आधी पाचच बंद केली, दोन्ही अवस्थांतली मिळून, आणि त्यात एक आमच्याच माणसाच्या नंबरचं टेस्ट तिकीट घातलं. मेसेज काय येतो तो त्याच्या मोबाईलवर बघितला. रिझोल्यूशन "Done" नाही दिलं, "No response" असं वेगळं करून घेतलं होतं, आणि मेसेजमध्ये "निवारण झाले" हा शब्द नाही, "प्रतिसाद न मिळाल्याने बंद" असं खरं ते लिहिलं, खाली परत उघडायला फोन नंबर. मग बाकीची ८४. सगळा खटाटोप धरून दोघांचे मिळून तीन तास गेले असतील, आठवडाभरात विभागून.

आता माझं म्हणणं ज्यांच्या हातात ठरवणं आहे त्यांच्यासाठी. केंद्राच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आली. मुदत कमी झाली हे चांगलंच, पण कुठल्याही ऑफिसात मुदत आणि "किती निकाली" एवढाच आकडा विचारला की महिनाअखेरीला हात त्या बटणाकडे जाणारच, मीच गेलो होतो, आणि माझ्या मनात कुणाला फसवायचं नव्हतं. म्हणून रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवा. निकाली ४१२ असतील तर त्यातल्या एकेक बघून किती आणि एकगठ्ठा किती, हे वेगळं दाखवा. माहिती कुठून आणायची हा प्रश्न नाही, ती सिस्टीममध्ये असतेच, एकाच माणसाने एकाच मिनिटात साठ तक्रारी बंद केल्या असतील तर त्या त्याने वाचल्या नाहीत हे इतिहासातल्या वेळेवरूनच कळतं. एकगठ्ठा बंद केल्याबद्दल कुणाला शिक्षा करा असं मी म्हणत नाही, फीडरवाल्या दोनशे तक्रारींसारखं ते योग्यही असतं, पण ते लपलेलं नको.

आणि दुसरं, एकगठ्ठा बंद झालेल्या तक्रारींमधल्या वीस जणांना महिन्यातून एकदा कुणीतरी फोन करावा, तोही ज्याने बंद केल्या त्याने नाही, दुसऱ्याने. आलेल्या फोनवर विसंबून राहू नये, आपण करावा. आम्ही तो आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी करतो, फोन घेणाऱ्या त्याच ताई करतात, त्यांनी स्वतःच हे मागून घेतलं. गेल्या वेळी वीसपैकी एक निघाला, कवठेमहांकाळ तालुक्यातला, पंप दोन महिने बंद, मोबाईल बदलला होता म्हणून आमचा मेसेज त्याला मिळालाच नव्हता, शेजाऱ्याचा नंबर तिकिटात लिहिलेला होता त्यावरून सापडला. त्याची तक्रार त्याच दिवशी त्याच जुन्या नंबरने परत उघडली, नवीन नंबर दिला नाही, म्हणजे त्याचे वाट बघण्यात गेलेले दोन महिने रेकॉर्डवर राहिले.